एकोणतीस आणि तीनशे रुपये

पाटणकर बाजारात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू प्राथमिक शाळेत शिकवतात. वर्गात गणिताचा कोपरा करायचा म्हणून त्यांनी व्यवस्थापनाला अर्ज लिहिला आणि "तू साहित्याची ना, जरा भाषा बघ" म्हणून माझ्या हातात दिला. भाषा छान होती. गणिताची गोडी, सर्वांगीण विकास, सगळं होतं. फक्त पैसे कशाला हवेत, ते कळत नव्हतं.

मी विचारलं, "काकू, मुलं चुकतात कुठे?"

त्या लगेच म्हणाल्या, "अगं, उनतीस सांगितलं की ३९ लिहितात."

माझ्या मते अर्ज इथूनच सुरू व्हायला हवा. ही चूक भाषेतली आहे. एकोण म्हणजे एक उणा. घरचं एकोणतीस असो की शाळेतलं उनतीस, दोन्हींत तीस ऐकू येतं, म्हणून मूल आधी ३ लिहितं आणि नऊ आठवून ३९ करतं. त्यात हिंदीत ८९ला नवासी, आपल्याकडे एकोणनव्वद. म्हणजे दोन भाषांतल्या मुलाला नियमही एकसारखा मिळत नाही.

यावर काकूंचा उपाय म्हणजे शंभर मण्यांची गणितमाळ. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, अशी. मूल दहा-दहाच्या उड्या मारत तीसवर जातं, एक मणी मागे येतं आणि तिथे कपड्यांचा चिमटा लावतं. चिमट्याआधी दोन पूर्ण दहा आणि नऊ सुटे मणी दिसतात. 'एक उणा' हाताला लागतो. मूल दर वेळी पहिल्या मण्यापासून मोजत असेल, तर समजायचं की माळ अजून उपयोगी पडलेली नाही.

चाळीस मुलं, पाच-पाचचे आठ गट, आठ माळा, आठशे मणी. मणी, दोरी आणि चिमटे मिळून नऊशे रुपये, आणि वर्षभराच्या दुरुस्तीला तीनशे. शिवाय सुरुवातीला आणि महिन्याने त्याच दहा संख्यांचं श्रुतलेखन घेऊन निकाल कळवू, असंही लिहिलं.

नऊशे मंजूर झाले. तीनशे कापले.

मला हीच काटछाट चुकीची वाटते. तक्त्याचा कोपरा फाटला तरी तक्ता वाचता येतो. माळेतला एक मणी हरवला की मात्र त्यापुढची प्रत्येक संख्या खोटी होते. चिमटा एकोणतीसवर लावला तरी मूल खरं तर अठ्ठावीसवर असतं. मग बाई काय करणार? मणी हरवू नयेत म्हणून माळा कपाटात ठेवणार आणि किल्ली पर्समध्ये. नऊशे रुपयांचा कोपरा तिथेच संपला.

स्वस्त साहित्य मुलांच्या हातात राहिलं तर झिजणारच. म्हणून अर्ज करणाऱ्यांनी झीज खर्चात धरावी आणि व्यवस्थापनाने तीच ओळ आधी मंजूर करावी. काकूंनी ते तीनशे पुन्हा मागितलेत. या वेळी अर्जाला एक माळ जोडली आहे, नव्व्याण्णव मण्यांची.