नदी नसली तर देवाचे फोटो, निर्माल्य कुठे ठेवायचे? पेडणे, डिचोलीत घरच्या मातीतच उत्तर

पेडणे : तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या तालुक्यातही मोपा, धारगळसारख्या पठारावरच्या घरांना नदी हाकेच्या अंतरावर नाही. डिचोलीतल्या फ्लॅटवाल्यांचेही तेच. मग जुना फोटो, सुकलेले हार पिशवीत बांधून वडा-पिंपळाखाली ठेवले जातात. पाऊस आला की फोटो चिखलात, काच रस्त्यावर. मान राखायला म्हणून ठेवले आणि झाले उलटेच.

खरी अडचण नदीची नाही, एकाच पिशवीत सगळे कोंबण्याची आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या सूचनांतही फुले, वस्त्रे विसर्जनाआधी मूर्तीवरून काढून घ्या, असेच सांगितले आहे. म्हणजे नदी असती तरी हार पाण्यात सोडायचा नव्हताच.

आमच्या घरी आता असे करतो. हाराचा दोरा, जर, प्लास्टिकची फुले आधी काढायची. अंगणात जिथे कुणाचा पाय पडत नाही तिथे दीड-दोन फूट खोल खड्डा. तळाला नारळाची सोडणे, त्यावर फुले आणि तुळस-दुर्वा, वर सुका पातेरा आणि मूठभर माती. वास आला तर ओल जास्त झाली, पातेरा वाढवायचा. महिनाभरात काहीच कुजले नाही तर पाणी शिंपडायचे. पावसाळ्यात मात्र खड्डा पाण्याने भरतो. तेव्हा जमिनीवर विटांचे कडे करून वर पत्रा ठेवावा. तीन-चार महिन्यांनी झालेली माती जास्वंद, अबोलीच्या मुळाशी घालतो. त्याची फुले परत देवालाच जातात.

चतुर्थीच्या माटोळीचेही तसेच. पूर्वी ती रानातल्या सालीच्या दोराने बांधत, सगळे मातीत जाई. आता नायलॉनची सुतळी, तार असते. ती सोडवल्याशिवाय काही पुरू नये.

फोटोचे काम वेगळे. छापील तसबिरीची सहसा प्राणप्रतिष्ठा केलेली नसते. तरी अक्षता वाहून, नमस्कार करून निरोप द्यावा, मनाला बरे वाटते. मग फ्रेम उघडायची. काच कागदात गुंडाळून भंगारवाल्याकडे, लाकडी चौकट चांगली असेल तर नव्या फोटोला. चित्राचा कोपरा फाडून बघा. तंतू दिसले तर कागद आहे. तो रात्रभर बादलीत भिजवून लगदा करावा आणि खड्ड्यात मिसळावा. ताणला जाऊन पातळ पापुद्रा निघाला तर लॅमिनेशन. ते पुरले तर कुजत नाही, जाळले तर विषारी धूर होतो. ते सुक्या कचऱ्यातच जायला हवे.

इथेच लोक अडतात. देवाचा फोटो केराच्या गाडीत कसा द्यायचा? नाशिकमध्ये अॅड. तृप्ती गायकवाड यांच्या संपूर्णम सेवा फाउंडेशनने हीच गाठ सोडवली. जुन्या तसबिरी गोळा करायच्या, उत्तरपूजा करायची, मग काच, लाकूड, कागद वेगळे करून पुन्हा वापरात आणायचे.

आपल्याकडे पंचायतीने महिन्यातून एक दिवस देवळाच्या आवारात फक्त तसबिरींसाठी वेगळे पिंप ठेवले तरी पुरे. फुलांसाठी तशी गरज नाही, ती मातीत जातात. पिंप हवे ते काच आणि लॅमिनेशनसाठी.