केमो चालू असतानाच

फुफ्फुसाचा कर्करोग पसरलेल्या रुग्णाच्या फाइलवर ‘पॅलिएटिव्ह केअर ओपीडी’ असे लिहिले गेले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘म्हणजे आता केमो बंद का?’ काही जण त्या ओपीडीत जातच नाहीत. या भीतीला इतिहास आहे. ही उपचारशाखा हॉस्पिसमधूनच वाढली. लंडनचे सेंट ख्रिस्तोफर्स 1967 मध्ये सुरू झाले आणि मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये शांती अवेदना सदन उभे राहिले. दोन्ही ठिकाणे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी होती. अमेरिकेत तर मेडिकेअरखाली हॉस्पिस घ्यायचे असेल, तर सहा महिन्यांहून अधिक आयुष्य उरलेले नसावे असा डॉक्टरांचा दाखला लागतो आणि मूळ रोग बरा करण्यासाठीचे उपचार सोडावे लागतात. पॅलिएटिव्ह केअरला अशी कुठलीच अट नाही. ती केमोच्या जोडीने चालते, आणि चालायला हवी.

ती प्रत्यक्षात काय करते, हे एका कल्पित रुग्णावरून पाहू. साताऱ्याकडचे साठीचे गृहस्थ आहेत. फुफ्फुसाचा कर्करोग पाठीच्या मणक्यात उतरला आहे. दुखण्यामुळे झोप नाही, अर्धा दिवस अंथरुणात जातो. अशा अवस्थेत केमो सोसणार नाही, म्हणून कॅन्सरतज्ज्ञही बिचकतात. मणक्याला एकदाच रेडिएशन दिले जाते, पण त्याचा गुण यायला काही आठवडे लागू शकतात. तोवर मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी 10 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला 60. मधेच कळ आली तर 10 मिलिग्रॅमची जादा गोळी. दुसऱ्या दिवशी वहीत तीन जादा गोळ्यांची नोंद दिसते. एकूण 90 झाले, म्हणून आता दर वेळी 15. गुंगी वाढते का, श्वास मंदावतो का, हे पाहायचे. मूत्रपिंड अशक्त असेल तर औषध अंगात साठते, त्यामुळे क्रिएटिनिन आधीच तपासायचे. मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र हटत नाही, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून. पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. दुखणे आटोक्यात आले, माणूस उठून जेवू लागला, की थांबलेल्या केमोचा विचार पुन्हा करता येतो.

2010 मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या अभ्यासाने केमोच्या जोडीने पॅलिएटिव्ह केअर द्यावी या मताला मोठे बळ दिले. पसरलेल्या फुफ्फुस-कर्करोगाच्या 151 रुग्णांपैकी निम्म्यांना निदानानंतर लगेच ही जोड मिळाली. त्यांचे दिवस अधिक सुसह्य गेले, नैराश्य कमी राहिले, आणि शेवटी आक्रमक उपचार कमी घेऊनही ते सरासरी पावणेतीन महिने जास्त जगले. पण ही गोष्ट इथेच थांबवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये तोंड-घशाच्या प्रगत कर्करोगाच्या रुग्णांवर अशीच चाचणी झाली, तेव्हा जीवनमानात किंवा आयुष्यात ठळक फरक दिसला नाही. आयुष्य वाढेल असे आश्वासन देऊन कोणाला या ओपीडीत पाठवू नये.

या जोडीवर एक आक्षेप मनुष्यबळाचा आहे, आणि तो खरा आहे. या विषयात प्रशिक्षित डॉक्टर आणि परिचारिका आपल्याकडे फार थोड्या. प्रत्येक नव्या रुग्णाला पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे धाडले, तर कळवळणाऱ्याचा नंबर मागे पडेल. म्हणून माझे मत असे, की साधे दुखणे, मळमळ, बद्धकोष्ठता कॅन्सरतज्ज्ञानेच हाताळावी आणि दर भेटीला दुखणे शून्य ते दहा या मापात विचारून लिहावे. दुखणे न आवरणारा, धाप लागणारा, घरच्यांशी बोलणे खुंटलेला रुग्ण मात्र आजार कितीही नवा असला तरी लगेच पुढे पाठवावा. निवड त्रासावरून व्हावी, उरलेल्या महिन्यांवरून नव्हे.

हॉस्पिसची वेळ वेगळी आणि तिचे निकषही वेगळे. केमो बदलूनही स्कॅनवर गाठी वाढत आहेत, रुग्ण दिवसभर पडून आहे, पुढच्या केमोने फायद्यापेक्षा त्रासच जास्त होणार आहे, तेव्हा ती थांबवण्याचे बोलणे रुग्णाशीच व्हायला हवे. आपल्याकडे ते बहुधा मुलाशी, दाराबाहेर होते. ज्या डॉक्टरांनी महिनोन्‌महिने दुखणे आवरले, ते समोर असले तर हे बोलणे सोपे जाते. हा जोड-उपचाराचा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. मॉर्फिन तेव्हाही सुरूच राहते, फक्त ते आता गावी घ्यायचे असते. 2014 मध्ये अंमली पदार्थ कायदा बदलून परवान्यांची गुंतागुंत कमी केली गेली, तरी तालुक्याच्या औषध दुकानात ती गोळी सहसा नसते. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिनचा साठा आणि ते लिहून देणारा एक प्रशिक्षित डॉक्टर, एवढी मागणी आरोग्य खात्याकडे आताच करायला हवी.