मंजुरीच्या पत्रात काय हवं?

बेंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर संध्याकाळी सहाला निघालेली आई, पाळणाघर साडेसहाला बंद होत असेल, तर वेळेत पोचणं अवघडच. म्हणून ती वेगळी वेळ मागते आणि साहेब उत्तर देतात, ‘मंजूर, पण कामावर परिणाम होता कामा नये.’ ही अट नव्हे, टांगती तलवार आहे. परिणाम झाला की नाही, हे कोण आणि कशावरून ठरवणार? पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा 2017च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आली. पण बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम करणं त्याच कायद्याने परस्परसंमतीवर सोडलं. त्यामुळे पत्रातला प्रत्येक शब्द मोलाचा. ते असं असावं: ‘सोमवार ते शुक्रवार आठ ते चार कार्यालयात, रात्री साडेआठ ते साडेनऊ घरून. अकरा ते तीन बैठकांसाठी उपलब्ध राहावं. चारनंतरच्या तातडीच्या कामाला अमुक सहकारी. महिन्यातून एकदा उशिरा थांबावं लागल्यास तीन दिवस आधी कळवू. पगार, बढती, मूल्यमापन यांत फरक नाही. तीन महिन्यांनी आढावा. बदल हवा असल्यास दोन्ही बाजूंनी पंधरा दिवसांची सूचना.’ शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, कारण सवलत एका रात्रीत काढून घेतली, तर तिला दुसरं पाळणाघर शोधायलाही सवड मिळत नाही.