फ्लॅशने खाल्लेले तीन गुण

गेल्या महिन्यात भागाकाराच्या स्वाध्यायात मला दहापैकी सात गुण पडले. चुकले असते तर वाईट वाटले नसते. पण माझी दहाही उत्तरे बरोबर होती.

आमची स्वाध्यायपत्रिका लॅमिनेशन केलेली आहे. तिच्यावर मार्करने उत्तरे लिहायची, मोबाइलने फोटो काढून बाईंना पाठवायचा, मग ओल्या फडक्याने पुसून ती पुढच्या मुलाला द्यायची. म्हणजे पुसल्यावर आपल्या अभ्यासाचा पुरावा फक्त तो फोटो. माझ्या फोटोत मधोमध पांढरा चट्टा आला होता. सहावे आणि सातवे उत्तर त्यात पार बुडाले. पाचवे होते ९३६ भागिले १२. मी ७८ लिहिले होते, पण आठ चट्ट्याखाली गेला आणि बाईंना नुसते सात दिसले. हे तर जास्तच वाईट. दिसलेच नाही तर कुणी विचारील तरी, अर्धे दिसले की चूकच धरतात.

दादा म्हणाला, "थांब, फोटो काळा करून बघू, खालचं दिसंल." त्याने उजेड कमी केला. पांढरा चट्टा राखाडी झाला, आकडे काही आले नाहीत. जिथे नुसता पांढरा उजेडच टिपला गेला, तिथे आकडा फोटोत आलेलाच नसतो. मग तो निघणार कुठून?

असे का होते ते गुरुजींनी चेंडूने दाखवले. चेंडू सरळ खाली टाकला तर हातात परत येतो, तिरका टाकला तर पलीकडे जातो. गुळगुळीत प्लास्टिकवर उजेडाचेही तसेच. फ्लॅशचा दिवा कॅमेऱ्याच्या शेजारीच असतो. फोन पत्रिकेच्या नेमका वर धरला की उजेड सरळ खाली जातो आणि सरळ कॅमेऱ्यात परत येतो. चट्टा पडतो तो बरोबर फोनच्या खालीच. वहीचा कागद खरखरीत असतो, त्यावरून उजेड चहूकडे पांगतो, म्हणून वहीच्या फोटोत असा चट्टा येत नाही.

तेव्हा पहिला उपाय म्हणजे फ्लॅश बंद करून दिवसा पडवीत फोटो काढणे. पत्रिका जमिनीवर सपाट ठेवा, उजेड डाव्या किंवा उजव्या बाजूने येऊ द्या. पाठीमागून आला तर आपलीच सावली पडते. उन्हात मात्र ठेवू नका, ऊनही चकाकते. घरात ट्यूबलाइटखाली काढला तर नळीची लांब पांढरी रेघ उमटते. पत्रिका थोडी सरकवा, रेघ बाहेर गेलेली पडद्यावर दिसते. आमच्या पत्रिकेचे कोपरे वाकले आहेत, तिथे बारीक बारीक ठिपके चमकतात. रात्रभर दप्तराखाली दाबून ठेवली की बरीच सपाट होते.

पण माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या घरी फोन एकच, तोही तिच्या बाबांबरोबर सकाळी शेतावर जातो. परत येतो तो दिवेलागणीनंतर, आणि लाइट गेलेली असली तर फ्लॅशशिवाय गत्यंतर नाही. तिच्यासाठी आम्ही दुसरी रीत करून पाहिली. फोन पत्रिकेच्या वर न धरता तिच्या खालच्या कडेच्या वीतभर बाहेर धरला आणि तिरका करून पत्रिकेकडे रोखला. चट्टा फोनखाली, म्हणजे नुसत्या जमिनीवर गेला! वरच्या ओळी जरा बारीक दिसतात, पण वाचता येतात. घरात बॅटरी असेल तर आणखी बरे. फ्लॅश बंद करून दुसऱ्या कुणीतरी बॅटरी बाजूने, खाली धरावी.

पाठवण्याआधी फोटो मोठा करून एक ते दहा उत्तरे बोटाने मोजायची, त्यानंतरच फडके हातात घ्यायचे. मी आधी पुसले आणि मग पाहिले, तिथेच फसले.

आता माझे मत सांगते, बाईंनी रागावू नये. जे उत्तर दिसत नाही, त्याला शून्य देऊ नये, आणि "हुशार आहे, बरोबरच असेल" म्हणून गुणही देऊ नयेत. तिथे "दिसत नाही" असे लिहून तेवढीच गणिते फळ्यावर सोडवून घ्यावीत. आणि रात्री आठच्या आत फोटो पाठवायचा नियम बदलून शाळेत आल्यावर पत्रिका दाखवण्याची मुभा द्यावी. ज्यांच्या घरी फोन रात्रीच येतो, त्यांच्याच फोटोत हा चट्टा जास्त येतो, आणि त्यात त्यांचा काय दोष?

बाईंनी मला ती तीन गणिते फळ्याजवळ बोलावून पुन्हा सोडवायला सांगितली. सातव्यात या वेळी बाकी लिहायची विसरले, म्हणून नऊ गुण मिळाले.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी