"पोहोचलात की फोन करा" म्हणजे निरोप नव्हे

पाहुणे येणार म्हटलं की आमच्या घरात, आणि मला वाटतं तुमच्याही घरात, एकच वाक्य फोनवर पाठवलं जातं. "या या, पोहोचलात की फोन करा, घ्यायला येतो." हे वाक्य ऐकायला प्रेमळ आहे, पण मला त्याचा राग आहे. पाहुण्याला ज्या क्षणी आपली सर्वांत जास्त गरज असते त्या क्षणावर आपण सगळं काम ढकलून देतो. रात्रीची वेळ, हातात दोन बॅगा, कडेवर झोपलेलं पोर आणि फोनची बॅटरी संपलेली. अशा माणसाला आपण म्हणतो, आता तू फोन कर!

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमचे साडूभाऊ आणि मेहुणी ठाण्याहून यायचे होते. १३ तारखेला त्यांचा निरोप आला, "१४ ला विदर्भने येतोय, रात्री दीडला भुसावळ." मी उत्तर दिलं, "या, आलात की फोन करा." भाच्याने हिशेब केला की १४ तारीख रात्री बारालाच लागते, म्हणजे दीडची गाडी आजच्याच रात्री. मलाही ते पटलं. वरणगावहून गाडी काढून आम्ही दोघं भुसावळला गेलो. विदर्भ आली, माणसं उतरली, पांगली, स्टेशन पुन्हा शांत झालं. एक रिक्षावाला दोनदा विचारून गेला, "काय बाबा, कोनाची वाट पाह्यता?" शेवटी सव्वादोनला ठाण्याला फोन लावला. साडूभाऊ झोपेतून उठून म्हणाले, "अहो, आम्ही घरीच आहोत. आमची गाडी उद्या संध्याकाळी सुटणार!"

चूक कोणाची? त्यांनी सुटण्याची तारीख आणि पोहोचण्याची वेळ एकाच वाक्यात बांधली. पण माझी चूक मोठी. घ्यायला जाणारा मी होतो, तर नीट विचारून निरोप लिहिणं माझं काम होतं. मुंबईहून संध्याकाळी सुटणारी विदर्भ एक्सप्रेस (१२१०५) मध्यरात्र उलटल्यावर भुसावळला येते, हे आयुष्य या भागात काढलेल्या माणसाला माहीत नको? ई-तिकिटावर पोहोचण्याची तारीखही छापलेली असते. तेवढी मागवली असती तरी भागलं असतं. तेव्हापासून मी वेळ अशी लिहितो: "शुक्रवार संपून शनिवार लागल्यावर, रात्री दीड." वाक्य लांबतं, पण फेरी वाचते.

दुसरी गंमत दुसऱ्या रात्री झाली. पाहुणे खरोखर आले. मी म्हटलं होतं, "डब्यापाशीच येतो." ऐनवेळी फलाट बदलला आणि मी पुलावरून धापा टाकत पोहोचेपर्यंत ते दोघं दुसऱ्या बाजूने बाहेर पडले होते. त्यांचा फोन बंद, माझा चालू. पण माझा नंबर होता त्यांच्या बंद फोनच्या पोटात! पाऊण तास आम्ही एकाच स्टेशनात एकमेकांना शोधत होतो.

यावरून माझं मत पक्कं झालं. भेटण्याची जागा फलाटावर किंवा डब्यापाशी ठरवू नये, कारण फलाट बदलतो आणि आपला डबा पुढे येणार की मागे हे नक्की नसतं. जागा बाहेरची हवी, रात्री उजेड असणारी आणि न हलणारी. चहाची टपरी बंद होते, रिक्षा जागा सोडते, "मी पांढऱ्या गाडीपाशी आहे" याला तर काही अर्थच नाही. भुसावळला मी सांगतो, "बसस्थानकाकडच्या दाराने बाहेर या आणि दाराच्या आतच, उजेडात बसून राहा. मी तुम्हाला शोधीन, तुम्ही मला शोधू नका." शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. दोघंही शोधायला लागले की कोणीच सापडत नाही.

आता उशिराचं. गाडी उशिरा आहे हे कळायला पाहुण्याला उठवायची गरज नसते. रेल्वेच्या NTES वर किंवा १३९ ला गाडीचा पाच आकडी नंबर दिला की ती कुठे आहे ते कळतं. म्हणून मी आधी नंबर मागतो, नुसतं नाव नाही. पण दाखवलेला उशीर जसाच्या तसा धरू नये. मोठ्या जंक्शनच्या अलीकडे वेळापत्रकात थोडी सवड ठेवलेली असते, त्यामुळे मनमाडला अर्धा तास मागे असलेली गाडी भुसावळला कधी जवळजवळ वेळेवर येते, तर कधी सिग्नलला अडकून आणखी मागे पडते. माझी रीत साधी आहे. गाडीने चाळीसगाव ओलांडलं की उठायचं, पाचोरा ओलांडलं की निघायचं. जळगावची वाट पाहिली तर उशीर होतो, कारण जळगाव ते भुसावळ जेमतेम २५ किलोमीटर, आणि मलाही वरणगावहून अर्धा तास लागतोच.

बसचं गणित वेगळं. धुळ्याकडून येणाऱ्याला मी सांगतो, एरंडोलला फोन करा. अकोल्याकडून येणाऱ्याला मात्र "भुसावळला उतरा" म्हणणं हा शुद्ध गाढवपणा, कारण मुक्ताईनगर सोडलं की आधी वरणगाव येतं आणि मग भुसावळ! असा निरोप पाठवून मी एका विहिणबाईंना घरावरून पुढे नेऊन परत आणलं आहे. त्या अजून बोलून दाखवतात.

आमचा मुलगा म्हणतो, "बाबा, मोबाईलच्या जमान्यात एवढं कशाला?" मी म्हणतो, मोबाईलमुळेच. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे आणि चूक दुरुस्त करायला वेळ नसायचा, म्हणून माणूस तारीख, गाडी आणि ठिकाण विचार करून लिहायचा. २०१३ साली तार बंद झाली, पण तो विचार त्याच्या आधीच बंद झाला होता. "नंतर बोलू" हे आपण निरोपाऐवजी वापरायला लागलो.

आता मी पाठवतो तो निरोप असा असतो:

"गाडी १२१०५. शुक्रवार संपून शनिवार लागल्यावर रात्री दीडला भुसावळ. बसस्थानकाकडच्या दाराच्या आत, उजेडात थांबा. मी शोधीन. गाडी उशिरा असली तरी मी पाहत असेन, कळवू नका. पोहोचल्यावर अर्ध्या तासात मी दिसलो नाही तर घरी फोन करा, सौ. जागी असेल. माझा नंबर आणि घरचा नंबर खाली आहे. दोन्ही कागदावर लिहून खिशात ठेवा."

घरचा नंबर का? कारण माझाही फोन बंद पडू शकतो. घरी बसलेलं तिसरं माणूस दोन्हीकडचे निरोप जोडू शकतं. आणि कागद का, हे साडूभाऊंना विचारा.

परवा ते पुन्हा आले. गाडी पन्नास मिनिटं उशिरा होती. मी दारात गेलो तेव्हा दोघं बाकावर निवांत बसले होते, फोन पुन्हा बंद! साडूभाऊंनी खिशातून कागद काढून हसत दाखवला. म्हणाले, "मास्तर, गृहपाठ केलाय." एवढे मार्क मला पुरे आहेत. असो.