नफा वहीत, पैसे उधारीत



आमच्या परिचयातल्या एका भावाचा शाळेचे गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना आहे. मार्चअखेरचा हिशेब झाला आणि सीएंनी सांगितले, यंदा सहा लाख रुपये नफा. त्याच आठवड्यात कारागिरांचा 1 लाख 20 हजारांचा पगार द्यायचा होता आणि बँकेत होते फक्त तीस हजार. घरात वेगळाच संशय सुरू झाला: पैसे गेले कुठे? बँकेने कॅश क्रेडिट देऊ केले, पण व्याजाला हात लावायचा नाही असे त्यांनी आणि भाभींनी पूर्वीच ठरवलेले. ते कागद घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या परवानगीने, आकडे सोपे करून, तो हिशेब इथे मांडतो.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. नफा-तोटा पत्रकात माल विकला की विक्री धरली जाते, मग पैसे आलेले असोत वा नसोत. रोख प्रवाह पत्रक, म्हणजे ज्याला सीए कॅश फ्लो स्टेटमेंट म्हणतात, ते फक्त पैसा खरोखर कधी आला आणि कधी गेला एवढेच पाहते. छोट्या कंपन्यांना आणि एकट्याच्या मालकीच्या धंद्याला ते करण्याची कायद्याने सक्ती नाही, म्हणून या भावाच्या फाइलमध्ये ते नव्हतेच. पण गेल्या वर्षीचा आणि यंदाचा ताळेबंद शेजारी ठेवला की ते घरीही करता येते.

आम्ही सहा लाखांपासून सुरुवात केली. त्यात घसाऱ्याचे पन्नास हजार परत मिळवले, कारण घसारा हा वहीतला खर्च, त्यासाठी खिशातून पैसे जात नाहीत. झाले साडेसहा लाख. मग उधारी पाहिली. गेल्या वर्षी दुकानदारांकडून चार लाख येणे होते, यंदा अकरा लाख. म्हणजे नफ्यात धरलेल्या विक्रीतले सात लाख अजून दुकानदारांकडेच आहेत; ते वजा. कापड आणि तयार गणवेशांचा साठा पाच लाखांवरून आठ लाखांवर गेला, तेही तीन लाख वजा. उलट कापडवाल्याचे देणे तीन लाखांवरून पाच लाख झाले. त्याने थांबून घेतले म्हणून दोन लाख आपल्या हातात राहिले, ते मिळवायचे. बेरीज काय आली? उणे दीड लाख. सहा लाख नफा मिळवणाऱ्या धंद्याने वर्षभरात दीड लाख रोख खाल्ली होती.

पुढचे पटकन झाले. दोन लाखांची नवी शिलाई मशीन, घरखर्चाला महिन्याला वीस हजार म्हणजे दोन लाख चाळीस हजार, आणि मेहुण्यांकडून कर्जे हसना म्हणून आलेले दोन लाख. वर्षाच्या सुरुवातीला बँकेत 4 लाख 20 हजार होते. त्यातून 3 लाख 90 हजार गेले. उरले तीस हजार. हिशेब रुपयाला रुपया जुळला आणि भाभींचा चेहरा मोकळा झाला, हेही सांगायला हवे.

खरे दुखणे उधारीत होते. विक्री 48 लाखांवरून 60 लाख झाली, म्हणजे पावपट वाढली, पण उधारी जवळजवळ तिप्पट झाली. आधी सरासरी महिन्याभरात पैसे येत. आता दोन महिन्यांहून जास्त लागत होते. नवे दुकानदार मिळवण्यासाठी त्यांनी मुदत सैल सोडली होती. जुनीच महिन्याची मुदत पाळली असती तर उधारी पाच लाखांवर राहिली असती आणि सहा लाख हातात असते. सूरह बकराच्या 282व्या आयतीत ठरलेल्या मुदतीचे देणे-घेणे लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. यांच्या वहीत रक्कम होती, मुदत कुठेच नव्हती.

या पत्रकालाही मर्यादा आहे. कापडवाल्याला थांबवून मिळालेले दोन लाख कमाई नव्हे. त्याने उद्या तगादा लावला तर तेही जातील. शिवाय गणवेशाचा धंदा हंगामी. कापड जानेवारीपासून घ्यावे लागते, पैसे शाळा उघडल्यावर येतात. वर्षाच्या एका आकड्यात मधले कोरडे महिने दिसत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना दर महिन्याचे येणे-जाणे आधीच लिहून पाहायला सांगितले.

पगाराचे काय झाले? सर्वांत जुनी उधारी असलेल्या चार दुकानदारांकडे ते स्वतः गेले आणि आठवड्यात 1 लाख 70 हजार घेऊन आले. पाचव्याने चहा पाजला आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली. ती मात्र त्यांनी वहीत लिहून, खाली त्याची सही घेतली.