जास्तीत जास्त लोक, आणि उरलेले

परवा तळेगाव स्टेशनबाहेरच्या टपरीवर एका जुन्या वर्गमित्राशी माझं वाजलं. तो फिलॉसॉफीत एम.ए. झालाय. मी मॅट्रिकवर थांबलो आणि मुंबईच्या गोदीत गेलो. विषय निघाला पवनेच्या पाइपलाइनचा. तो चहाचा ग्लास ठेवत म्हणाला, "लेका, शेवटी हिशेबच करावा लागतो. एका पारड्यात लाखो माणसं, दुसऱ्यात चार गावं. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, बस्स."

हे वाक्य त्याचं नाही. ते इंग्लंडातल्या जेरेमी बेन्थमच्या दुकानातलं आहे. रात्री गाडीत बसून मी त्याच वाक्याचा विचार करत आलो. दोस्तांनो, हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांना आवडतं, म्हणून ते नीट उघडून बघितलं पाहिजे. आपण संख्येने जास्त, मग संख्येचं तत्त्व आपलंच, असं वाटतं. तिथंच फसगत आहे.

आधी त्यातलं खरं काय ते कबूल करू. बेन्थम म्हणाला, कुठलीही गोष्ट बरी की वाईट हे पोथीला विचारू नका, राजाला विचारू नका. तिचा परिणाम काय होतो ते बघा. किती सुख, किती दुःख. ते किती तीव्र, किती काळ टिकणारं, नक्की होणारं की नुसतं होईलसं वाटणारं, आणि किती माणसांपर्यंत पोचणारं, हे सगळं मोजा. मोजताना प्रत्येक माणूस एकच धरा. सरदार एक, मजूर एक. मनुस्मृतीच्या देशात हे सुरुंगाइतकं जबर आहे. तिच्या शिक्षेच्या वजनकाट्यावर ब्राह्मणाची आणि शूद्राची चामडी कधी एका भावाने गेली नाही. बेन्थमनं भाव एक केला. एवढ्यासाठी त्याला रामराम.

पण मोजून झाल्यावर तो काय करतो? सगळं एका ढिगात ओततो आणि बेरीज वाचतो. गोदीत क्रेन स्लिंग उचलते तेव्हा काट्यावर एकूण वजन दिसतं. पोत्यांखाली कोण उभा आहे ते काट्यावर दिसत नाही. ते बघायला डोळे असलेला माणूस लागतो आणि त्याला ओरडावं लागतं.

आता पवनेचा हिशेब त्याच्याच पद्धतीनं करू. पवना धरण मावळातलं. पाणी धरणातून नदीत सोडतात, ते वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून पिंपरी-चिंचवड उचलतं. वाटेत काठच्या विहिरी भरतात, मोटारी चालतात, ऊस-भाजी होते. वाटेत पाणी मुरतं आणि घाणही होतं, हेही खरं. म्हणून धरणातून थेट निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटर बंद नळ टाकायची योजना आली. शहराला स्वच्छ आणि जास्त पाणी. काठच्या माणसाला भीती, की एकदा पाणी नळात गेलं की नदीत काय उरणार?

२०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची वस्ती सुमारे १७ लाख. यापुढचे आकडे माझ्या मनाचे, फक्त काटा कसा चालतो ते दाखवायला. समजा, नळामुळे शहरातल्या प्रत्येकाला सुखाचा एक दाणा मिळतो. झाले १७ लाख दाणे. समजा, काठावर ५ हजार माणसं आहेत आणि प्रत्येकाचे ३०० दाणे जातात. झाले १५ लाख. बेरीज २ लाखांनी वर. टाका पाइप.

आता तेच १५ लाख दाण्यांचं दुःख ५ हजारांवर न वाटता फक्त पाच माणसांवर टाका. एकेकाच्या वाट्याला ३ लाख, म्हणजे आयुष्याची राख. काटा काय म्हणतो? तेच. २ लाखांनी वर. काट्याला फरकच कळत नाही! शहर आणखी वाढवा, ३० लाख करा, म्हणजे काठावर याच्या जवळजवळ दुप्पट दुःख टाकायची सोय झाली. लोकांची संख्या पुरेशी मोठी असली की प्रत्येकाच्या एकेका दाण्याखाली कुणालाही गाडता येतं. टीकाकार म्हणतात ते हेच. जॉन रॉल्स नावाच्या अमेरिकन माणसानं १९७१ मध्ये याच जागी बोट ठेवलं. एक माणूस स्वतःचं आजचं दुःख उद्याच्या सुखासाठी सोसतो, ते ठीक. दुःखही त्याचं, सुखही त्याचं. पण हे तत्त्व सगळ्या समाजालाच एक माणूस समजतं, आणि माझं दुःख तुझ्या सुखाच्या खात्यात वळतं करतं. मी वेगळा माणूस आहे हेच त्याच्या वहीत नाही.

९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर शेतकरी उतरले. पोलिसांनी गोळ्या घातल्या. तीन माणसं मेली, त्यात एक बाई होती. मित्राला मी विचारलं, हे तीन तुझ्या वहीत कुठं मांडशील? तो गप्प झाला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. तो म्हणाला, "खरा उपयुक्ततावादी असला गोळीबार कधीच मान्य करणार नाही. तीन माणसं मारली की हजारो माणसं भितात, सरकारवरचा विश्वास उडतो, तेही दुःखात धर. शिवाय गरिबाचा एक रुपया गेला तर तो श्रीमंताच्या शंभरापेक्षा जास्त दुखतो. बेरीज नीट केली तर अन्याय कधी फायद्याचा पडत नाही." जॉन स्टुअर्ट मिलनंही साधारण असंच समजावलं होतं, की न्यायाचे नियम पाळण्यातच लांबवरचा उपयोग आहे. (हा मिल लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत ३५ वर्षं नोकरीला होता. उपयोग कुणाचा, हे त्याला टेबलावरच दिसत असणार.)

उत्तर वजनदार आहे, मान्य. पण त्याचा अर्थ काय होतो बघा. तीन माणसं मारणं वाईट, का? तर बाकीचे भितात म्हणून. कुणी भ्यालं नाही, कुणाला कळलंच नाही, तर? आपल्या वस्तीत किती मरणं अशी झाली की ज्यांनी शहराची झोपही मोडली नाही. गटारीत उतरून गुदमरलेल्या पोरामुळे कुणाचा सरकारवरचा विश्वास उडतो? ज्याच्या मरणाचा गाजावाजा होत नाही, त्याचं मरण या हिशेबात स्वस्त पडतं.

आणि काट्यावर काय काय चढतं तेही बघा. बेन्थमला सुख ते सुख. कुणाचं, कशातलं, हे तो विचारत नाही. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. गावानं नंतर गोमूत्र-शेणाचं पंचगव्य ओतून तळं शुद्ध केलं. आता लावा काटा. एका बाजूला सवर्णांचा विटाळ, त्यांची चीड, त्यांची खरीखुरी अस्वस्थता, गुणिले त्यांची संख्या. दुसऱ्या बाजूला मूठभर अस्पृश्यांची तहान. अस्पृश्य प्रत्येक गावात थोडे आणि गावकुसाबाहेर. प्रत्येक गावची बेरीज वेगळी केली तर प्रत्येक गावात आपण हरतो. त्या घाणेरड्या सुखाला काट्यावर चढूच द्यायचं नाही, असं म्हणायचं असेल तर ते ठरवणारं दुसरं काहीतरी काट्याच्या बाहेर असावं लागतं. त्याला हक्क म्हणतात.

आमच्या तळेगावात बाबासाहेबांचा बंगला आहे. तिथं जाऊन फोटो काढणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यावं, की 'हिंदुत्वाचे तत्त्वज्ञान' या लिखाणात त्यांनी धर्म तपासायला एक नाही, दोन कसोट्या लावल्या: न्याय आणि उपयुक्तता. जुन्या जगाचं लक्ष समूहाच्या उपयोगावर होतं, नव्या जगाचं माणसाला मिळणाऱ्या न्यायावर आहे, असं त्यांनी मांडलं. उपयुक्तता त्यांनी फेकून दिली नाही. पण तिला एकटीलाही सोडलं नाही.

कुणी म्हणेल, एसटीवर लिहिलेलं 'बहुजन हिताय' मग काय आहे? तथागतांनी ते भिक्खूंना सांगितलं, चारी दिशांना चालत जा म्हणून. त्यात थोड्यांना कापून पुष्कळांना वाढायची परवानगी कुठून काढली?

आता खरी लबाडी. १९३९ मध्ये काल्डोर आणि हिक्स या दोन अर्थशास्त्र्यांनी एक युक्ती मांडली, आणि खर्च-लाभाच्या कागदामागे आजही तीच बसलेली असते. ज्यांचा फायदा झाला ते तोटा झालेल्यांना भरपाई देऊनही नफ्यात राहू शकत असतील, तर योजना चांगली. शब्द बघा, 'देऊ शकत असतील'. दिलीच पाहिजे असं नाही! भरपाई कागदावर शक्य असली की बेरीज पास. पवना धरण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झालं. त्यात जमीन गेलेल्यांची किती कुटुंबं बदली जमिनीसाठी दोन पिढ्या खेटे घालत राहिली, ते मावळात कुणालाही विचारा. त्यांच्या दुःखाची परतफेड 'होऊ शकत' होती. तेवढ्यावर धरण भरलं.

आणि भरपाई मिळते ती कुणाला? ज्याचा सातबारा त्याला. शेजारच्या खोऱ्यात, मुळशीत, १९२१ मध्ये टाटांच्या वीजधरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. पण पुष्कळ जमिनी सावकारांच्या नावावर होत्या. भाव बरा मिळतोय म्हटल्यावर सावकारांचा विरोध विरला आणि कसणारा मावळा पाण्यात उभा राहिला. बागायतदाराच्या रानात रोजावर जाणाऱ्या आपल्या बाईचा रोजगार तर बेरजेत नाही आणि वजाबाकीतही नाही. बागायतदाराचं आणि आपलं कधी जमलं नाही. पाण्यावर त्यानंच आपल्याला अडवलं. तरी त्याच्या विहिरीचा हिशेब खोटा मांडला गेला, तर आपला त्याहून खोटा मांडला जाणार.

त्याच वर्षी गांधींनी 'यंग इंडिया'त टाटांना विचारलं होतं, की एका जरी गरिबाच्या मर्जीविरुद्ध ही योजना होणार असेल तर तिच्या सगळ्या वरदानांची किंमत काय? गांधींशी आमचं भांडण पुणे करारापासूनचं आहे आणि ते मिटलेलं नाही. पण या प्रश्नावर काटा बंद पडतो, हे खरं.

मित्र शेवटी चिडून म्हणाला, "मग शहरातल्या झोपडपट्टीतल्यांनी पाणी प्यायचं नाही? तिथं तुझीच माणसं राहतात." बरोबर बोलला. संख्या नेहमी खोटी नसते. गोदीत अपघात झाला, दोघं जखमी आणि तिसरा एका टोकाला, गाडी एकच, तर दोघांकडे आधी धावतो आम्ही. पण तिथं आम्ही तिसऱ्याला दोघांच्या औषधासाठी जखमी केलेलं नसतं. मी त्याला म्हटलं, बेरीज कर, जरूर कर. फक्त आधी विचार, कुणाचं जातंय. त्याला नाही म्हणता येतं का. नदीत बारमाही किती पाणी सोडणार ते लिहून दे. धरणात गेलेल्यांची जमीन आधी हातात दे. बिनजमिनीच्या मजुराचं नाव यादीत घाल. एवढं झाल्यावरही शहराच्या बाजूला जास्त उरत असेल तर टाक पाइप, मी खड्डा खणायला येतो.

२०११ ला थांबलेल्या कामावरची स्थगिती २०२३ मध्ये सरकारनं उठवली. मित्रानं चहाचे पैसे दिले आणि चिंचवडची लोकल धरली.